सरळ रेषा बसवल्यावर रेसिड्युअल प्लॉट कसा वाचायचा आणि रिपोर्टमध्ये काय लिहायचं

प्रश्न: बीएससीचा स्टॅटचा छोटा प्रोजेक्ट आहे. R मधला `cars` डेटा घेतला, गाडीचा स्पीड आणि थांबायला लागलेलं अंतर, त्यावर सरळ रेषा बसवली. R² ०.६५ आला, पी-व्हॅल्यू एकदम छोटी. मॅडमनी ड्राफ्टवर शेरा मारलाय, "मॉडेल जस्टिफाय करा, रेसिड्युअल प्लॉट कुठाय?" प्लॉट काढला तर लाल रेघ थोडी वाकडी दिसतेय. एवढं चालतं का? आणि त्याखाली लिहायचं काय?

उत्तर:

लाल रेघ वाकडी आहे हे तुला दिसलं म्हणजे निम्मं काम झालंय, कारण बहुतेक रिपोर्टांत तो प्लॉट चिकटवलेला असतो आणि खाली एकच वाक्य असतं, "रेसिड्युअल रँडम आहेत, म्हणून मॉडेल योग्य आहे." प्लॉटमध्ये काहीही दिसत असो, वाक्य तेच. व्हायवाला मी पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आधी हे बघू की कशाने जस्टिफाय होत नाही. तुझा R² ०.६५१ आहे, म्हणजे अंतरातला जो फरक आहे त्यातला साधारण ६५ टक्के स्पीडमुळे समजतो, ठीक. पी-व्हॅल्यू सांगते की उतार शून्य नाही. पण जास्त स्पीडला गाडी थांबायला जास्त अंतर लागतं हे कुणालाही माहीत आहे, त्यासाठी डेटा लागत नाही. "संबंध आहे का" आणि "संबंध सरळ रेषेचा आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि R² नि पी-व्हॅल्यू दोघंही पहिल्याचंच उत्तर देतात. वाकड्या डेटावर सरळ रेषा बसवूनसुद्धा R² ०.९ च्या वर जाऊ शकतो.

अजून दोन वाक्यं रिपोर्टांत सर्रास दिसतात आणि दोन्ही पोकळ आहेत. एक, "रेसिड्युअलची सरासरी शून्य आली." अरे ती येणारच, रेषेत इंटरसेप्ट असेल तर लीस्ट स्क्वेअर्सचं गणितच तसं आहे, मॉडेल कितीही भंगार असलं तरी सरासरी शून्यच येते. दुसरं, एक्सेलमध्ये रेसिड्युअलवर ट्रेंडलाइन टाकतात, ती आडवी येते आणि मग लिहितात की पॅटर्न नाही. तीही आडवीच येणार, कारण x सोबत जेवढा सरळ रेषेचा संबंध होता तेवढा फिटने आधीच काढून घेतलाय. उरलेल्यात सरळ ट्रेंड शोधून मिळणार काय? शोधायचं असतं ते वाकण, आणि ठिपक्यांचा पसारा कुठे कमी कुठे जास्त आहे ते.

आता प्लॉट. कोड एवढाच:

```r
m <- lm(dist ~ speed, data = cars)
plot(fitted(m), resid(m))
abline(h = 0, lty = 2)
plot(m, which = 1)
plot(m, which = 3)
```

आडव्या अक्षावर फिटेड व्हॅल्यू घे किंवा स्पीड घे, एकच x असल्यामुळे चित्र तेच येतं, फक्त स्केल बदलतो. पण चुकूनही आडव्या अक्षावर मोजलेलं अंतर, म्हणजे `dist`, घेऊ नकोस. ही चूक मी दरवर्षी बघतो. रेसिड्युअल म्हणजे मोजलेलं वजा फिटेड, म्हणजे मोजलेली किंमत त्याच्या आतच बसलीये, त्यामुळे त्या दोघांत संबंध दिसणारच. तो किती हेही ठरलेलं असतं, १ मधून R² वजा करून जे उरतं त्याचं वर्गमूळ. तुझ्या केसमध्ये ते ०.५९ येतं. मुलं हा तिरका ढग बघून घाबरतात आणि "मॉडेल फेल" लिहितात, मॉडेलचा काही संबंध नसताना.

तुझी रेषा अशी आली असेल: अंतर = −१७.५८ + ३.९३ × स्पीड. स्पीड ताशी मैलात, अंतर फुटात, आणि डेटा १९२० च्या दशकातला आहे, त्या काळच्या गाड्या नि त्या काळचे ब्रेक. हे रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहून टाक, नाहीतर कुणीतरी हा निकाल आजच्या गाडीला लावेल. आता प्लॉटकडे जायच्या आधी या समीकरणात स्पीड ४ घालून बघ, डेटातली सगळ्यात कमी किंमत. उत्तर येतं −१.८ फूट. गाडी ब्रेक मारायच्या आधीच थांबली! आणि हे काही डेटाच्या बाहेर जाऊन केलेलं भाकीत नाही, ४ मैलाच्या दोन नोंदी डेटात आहेत, २ फूट आणि १० फूट. रेषा एका टोकाला कमी पडतेय याचा हा पहिला पुरावा, आणि तो प्लॉटशिवायच मिळाला.

आता वाकण. `which = 1` मधली लाल रेघ म्हणजे त्या त्या भागातल्या ठिपक्यांमधून काढलेला गुळगुळीत मध्य. मॉडेल बरोबर असेल तर ती शून्याच्या आसपास रेंगाळते. तुझ्याकडे ती डावीकडे वर, मध्ये खाली आणि उजवीकडे परत वर गेलेली दिसेल. पण टोकांना ठिपके कमी असतात आणि एकदोन ठिपके तिला ओढून नेऊ शकतात, म्हणून नुसत्या रेघेवर विसंबू नको, आकडे काढ. मी डेटाचे तीन भाग केले. स्पीड १० पर्यंतच्या ९ नोंदी, त्यांच्या रेसिड्युअलची सरासरी साधारण +३.२ फूट. ११ ते २० च्या मधल्या ३४ नोंदी, सरासरी −२.३. आणि २२ पासून वरच्या ७ नोंदी, सरासरी +७.२. म्हणजे दोन्ही टोकांना रेषा अंतर कमी सांगते आणि मधे जास्त सांगते. वर वाकणाऱ्या वक्रावर सरळ पट्टी ठेवली की नेमकं असंच होतं.

आणि इथे फिजिक्स तुझ्या बाजूने आहे, ते वापर. थांबायचं अंतर दोन तुकड्यांचं असतं. ड्रायव्हरचं लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी त्याच वेगाने पुढे जाते, हा तुकडा वेगाच्या प्रमाणात. ब्रेक लागल्यावर गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात संपायला लागते आणि ती ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दुसरा तुकडा वर्गाच्या प्रमाणात. सूत्रात d = v·t + v²/(2μg). म्हणजे वक्र वर वाकणार हे डेटा बघायच्या आधीच अपेक्षित होतं, आणि प्लॉट तेच दाखवतोय. "प्लॉटमध्ये थोडं वाकण दिसतं" हे एक वाक्य झालं, "वाकण दिसतं, आणि ते ज्या दिशेला अपेक्षित होतं त्याच दिशेला आहे" हे त्याच्यापेक्षा खूप वजनदार वाक्य आहे.

दुसरी गोष्ट पसारा, आणि माझ्या मते या डेटात वाकणापेक्षा हा दोष मोठा आहे, पण लाल रेघ वाकडी दिसली की सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. प्लॉट डावीकडून उजवीकडे बघत जा, ठिपके नरसाळ्यासारखे उघडत जातात. स्पीड १२ पर्यंतच्या १५ नोंदींत सगळी रेसिड्युअल −१६ ते +१३ फुटांच्या आत आहेत. १८ पासून पुढच्या १९ नोंदींत तीच −२९ ते +४३ पर्यंत पसरलीत. नुसत्या टोकाच्या किमतींवर विश्वास नको म्हणून वर्ग करून, सरासरी घेऊन, वर्गमूळ काढलं, तर पहिल्या गटात साधारण ८.३ फूट आणि दुसऱ्यात १८.१ फूट. दुपटीपेक्षा जास्त. `which = 3` चा प्लॉट यासाठीच असतो, त्यात रेसिड्युअलची चिन्हं काढून टाकून फक्त आकार दाखवतात, त्यामुळे लाल रेघ वर चढत गेली की पसारा वाढतोय हे एका नजरेत कळतं.

यानं बिघडतं काय, हे लिहिलं नाहीस तर मॅडम विचारतीलच. उतार स्वतः यामुळे एका बाजूला ढळत नाही. बिघडतं ते अनिश्चिततेचं माप. R तुला एकच रेसिड्युअल स्टँडर्ड एरर देतो, १५.३८ फूट, आणि तो सगळ्या स्पीडला सारखाच लावतो. ताशी १० मैलाला ९५ टक्क्यांचा प्रेडिक्शन पट्टा काढ, तो −९.८ ते ५३.३ फूट येतो. त्या स्पीडला प्रत्यक्ष नोंदी आहेत १८, २६ आणि ३४ फूट. म्हणजे पट्टा उगाच अवाढव्य आहे आणि खालून शून्याच्या पलीकडे गेलाय. आता २४ मैलाला काढ, ४४.८ ते १०८.८. तिथल्या चार नोंदींतली एक १२० फूट आहे, पट्ट्याच्या बाहेर. जिथे गाडी हळू आहे तिथे मॉडेल नको इतकी सावधगिरी दाखवतं आणि जिथे वेग आहे, म्हणजे जिथे खरा धोका आहे, तिथे खोटा आत्मविश्वास. उताराच्या स्टँडर्ड एररवरही याच कारणाने पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, तरी पी-व्हॅल्यू इतकी छोटी आहे की "उतार शून्य नाही" हा निष्कर्ष काही हलणार नाही.

आता एक रास्त शंका. ५० च ठिपके आहेत, आपल्याला ढगात हत्ती दिसतोय तसं तर नाही ना? माणसाचा डोळा रँडम ठिपक्यांतही आकार शोधतो, त्यामुळे शंका घ्यायलाच हवी. याचा मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे ओळखपरेड. तुझं मॉडेल शंभर टक्के खरं असतं तर डेटा कसा दिसला असता ते R ला बनवायला सांगायचं, असे आठ खोटे डेटा, त्यांचे रेसिड्युअल प्लॉट, आणि त्यांच्यात कुठेतरी तुझा खरा लपवायचा.

```r
par(mfrow = c(3, 3), mar = c(2, 2, 1, 1))
k <- sample(9, 1)
for (i in 1:9) {
  y <- if (i == k) cars$dist else simulate(m)[[1]]
  mi <- lm(y ~ cars$speed)
  plot(fitted(mi), resid(mi), main = i)
  lines(lowess(fitted(mi), resid(mi)), col = "red")
}
```

`k` छापू नकोस. नऊ चित्रं मित्राला दाखव, ज्याने तुझा डेटा पाहिलेला नाही, आणि विचार यातला वेगळा कुठला. नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता नवात एक. बऱ्याच जणांनी बरोबर चित्र उचललं तर तुला दिसलेला पॅटर्न खरा आहे, नाही उचललं तर रिपोर्टमध्ये भाषा सौम्य कर. तू स्वतः हे करून उपयोग नाही, तू प्लॉट पाहून बसलायस. पण स्वतः पाचसहा वेळा चालवून बघ, एवढ्यासाठी की मॉडेल बरोबर असतानाही ५० ठिपक्यांची लाल रेघ किती वाकडी होऊ शकते हे कळतं. ते एकदा पाहिलं की "थोडी वाकडी" या शब्दांना अर्थ येतो.

टेस्ट पण करतात लोक आणि तू करशीलच, म्हणून काय येतं ते सांगतो. स्पीडच्या वर्गाचं पद घालून मॉडेल परत बसवलं तर त्या पदाची पी-व्हॅल्यू ०.१३६ येते. म्हणजे ५ टक्क्यांच्या निकषावर वाकण "सिद्ध" होत नाही. पसाऱ्यासाठी ब्रॉइश-पेगन टेस्ट `lmtest` पॅकेजच्या `bptest` ने केलीस तर पी-व्हॅल्यू ०.०७३, आणि `car` पॅकेजच्या `ncvTest` ने केलीस तर ०.०३१. एकच डेटा, एकच प्रश्न, एक टेस्ट म्हणते नाही, दुसरी म्हणते हो. फरक एवढ्याचसाठी की `bptest` डीफॉल्टने स्टुडंटाइज्ड प्रकार वापरतं, ज्यात रेसिड्युअल नॉर्मल आहेत असं धरून चालत नाहीत, आणि `ncvTest` मूळ प्रकार वापरतं ज्यात ते धरलेलं असतं. आणि इथे रेसिड्युअल फारसे नॉर्मल नाहीतच, शापिरो टेस्टची पी-व्हॅल्यू ०.०२२ आहे, वरच्या बाजूचं शेपूट लांब आहे.

मग काय, जी टेस्ट आपल्याला हवं ते म्हणते ती लिहायची? तसं करणारे खूप आहेत. माझं मत असं की इथे टेस्टला न्यायाधीश करू नये. ५० नोंदींत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली म्हणजे वाकण नाही असं होत नाही, एवढ्या डेटातून ते पक्कं दाखवता आलं नाही इतकंच. उलट नोंदी हजारांत असत्या तर काहीच बिघडवत नाही इतकं किरकोळ वाकणही "सिग्निफिकंट" आलं असतं. प्लॉट काय दाखवतो, फिजिक्स काय सांगतं आणि त्यामुळे निष्कर्ष किती बदलतो, या तीन गोष्टी धरून ठरव, टेस्टचे आकडे बाजूला लिही आणि दोन्ही लिही, एक लपवून दुसरा नको.

प्लॉटवर R ने तीन ठिपक्यांना नंबर दिले असतील, २३, ३५ आणि ४९. अनेक जण हे बघून तिन्ही नोंदी उडवतात, R² वाढतो, आनंदी आनंद. R ते नंबर "हे चुकीचे आहेत" म्हणून देत नाही, सगळ्यात मोठे तीन रेसिड्युअल असतील त्यांना देतोच, डेटा कितीही स्वच्छ असला तरी. या तिघांत सुद्धा फरक आहे. नोंद २३ म्हणजे १४ मैलाला ८० फूट, रेसिड्युअल +४२.५. नोंद ४९ म्हणजे २४ मैलाला १२० फूट, रेसिड्युअल +४३.२. जवळपास सारखेच ना? पण `cooks.distance(m)` काढ, एकेक नोंद रेषेला किती हलवते त्याचं ते माप, ४९ चं ०.३४ येतं आणि २३ चं ०.०९ पण येत नाही. कारण २३ डेटाच्या मधोमध आहे, तिथून कितीही जोर लावला तरी रेषेचा उतार फारसा हलत नाही, ती थोडी वर उचलली जाते फक्त. ४९ टोकाला बसलीये, ती रेषेला तिरकं करते. रेसिड्युअल प्लॉटमध्ये हा फरक दिसत नाही, म्हणून `which = 5` पण बघावा. ०.३४ हे काही घाबरण्यासारखं नाही, पण ती नोंद काढून उतार किती बदलतो ते एकदा बघून एका ओळीत लिहायला हरकत नाही. डेटातून काढायची मात्र नाही, नोंद चुकली आहे याचा काही पुरावा असल्याशिवाय. आणि गंमत अशी की ४९ ही वाकण नि पसारा या दोन्हींचीच साक्षीदार आहे, तिला हाकललं तर मॉडेल सुधारत नाही, तक्रार करणारा गप्प होतो फक्त.

आता दुरुस्ती. अंतर जर मुख्यतः वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल तर अंतराचं वर्गमूळ वेगाप्रमाणे सरळ वाढायला हवं. आणि वर्गमूळ मोठ्या आकड्यांना जास्त आवळतं, त्यामुळे उजवीकडचा पसाराही आटोक्यात यायला हवा. एका दगडात दोन पक्षी, म्हणून इथे वर्गाचं पद घालण्यापेक्षा मी हे आधी करून बघेन, वर्गाच्या पदाने वाकण जातं पण पसारा तसाच राहतो.

```r
m2 <- lm(sqrt(dist) ~ speed, data = cars)
plot(m2, which = c(1, 3))
```

रेषा येते √अंतर = १.२७७ + ०.३२२ × स्पीड. मघाचेच दोन गट घे, १२ पर्यंतचे आणि १८ पासून पुढचे, रेसिड्युअलचा पसारा आता ०.८९ आणि १.०९. मघाशी ८.३ आणि १८.१ होता. पूर्ण सारखा नाही झाला पण दुपटीवरून सव्वापटीच्या आत आला, ५० नोंदींत याहून जास्तीची अपेक्षा मी करणार नाही. ४ मैलाला भाकीत ६.६ फूट येतं, ऋण नाही. १० मैलाला प्रेडिक्शन पट्टा वर्ग करून परत फुटात आणला की साधारण ५ ते ४६ फूट, आणि २४ मैलाला ४५ ते १२८. म्हणजे हळू गाडीला अरुंद, वेगवान गाडीला रुंद, डेटा जसा आहे तसा, आणि १२० फुटांची नोंद आत आली. नोंद २३ मात्र अजूनही उठून दिसते, आता तीच सगळ्यात मोठी आहे, रेसिड्युअल ३.१५ म्हणजे स्टँडर्ड एररच्या जवळजवळ तिप्पट. ते तसंच लिही. ५० मध्ये एखादी अशी असणं काही आकाश कोसळण्यासारखं नाही.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. नव्या मॉडेलचा R² ०.७०९ आहे, जुन्याचा ०.६५१, आणि मुलं लिहितात "R² वाढला म्हणून नवं मॉडेल चांगलं." ही तुलनाच होत नाही, एक फुटातल्या फरकाचा हिस्सा सांगतो, दुसरा फुटाच्या वर्गमुळातल्या फरकाचा. नवं मॉडेल निवडायचं कारण रेसिड्युअल प्लॉट आणि फिजिक्स हेच, R² नाही. दुसरं, वर्गमुळातलं भाकीत वर्ग करून फुटात आणलं की ते सरासरी अंतर नसतं, साधारण मध्यक असतो, सरासरी त्याच्यापेक्षा किंचित जास्त असते. पट्ट्याची टोकं मात्र वर्ग करून बिनधास्त घेता येतात. आणि हो, स्पीड शून्य घातला तर हे मॉडेल दीड फुटाच्या वर अंतर सांगतं, उभ्या गाडीला. डेटा ४ मैलापासून सुरू होतो, त्याच्या खाली हे वापरू नये एवढं लिहिलं की झालं.

नोंदींच्या क्रमाविरुद्ध रेसिड्युअल काढायला किंवा डर्बिन-वॉटसन करायला कुणी सांगितलं तर थांब. हा डेटा स्पीडच्या चढत्या क्रमाने लावून ठेवलाय, मोजणी कुठल्या क्रमाने झाली ते त्यात नाही. त्यामुळे क्रमाचा प्लॉट म्हणजे परत स्पीडचाच प्लॉट, आणि डर्बिन-वॉटसनने काही पकडलंच तर ते वाकण असेल, वेळेनुसार येणारा संबंध नाही. नोंदी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, एकाच गाडीच्या अनेक नोंदी आहेत का, हे या दोन कॉलमांतून तपासता येत नाही, आणि तेही रिपोर्टच्या मर्यादांमध्ये एका वाक्यात यायला हवं.

मग तुझा मूळ प्रश्न, हे चालतं का. ते कशासाठी वापरणार त्यावर आहे. "स्पीड वाढला की अंतर वाढतं, सरासरी दर मैलामागे सुमारे ४ फूट" एवढंच सांगायचं असेल तर मधल्या स्पीडला सरळ रेषा कामचलाऊ आहे, २० मैलाला रेषा ६१ फूट म्हणते आणि वर्गमुळाचं मॉडेल ६० च्या जवळ, भांडण्यासारखं काही नाही. पण एखाद्या स्पीडला अंतर कुठून कुठपर्यंत जाईल हे सांगायचं असेल, किंवा टोकाच्या स्पीडबद्दल बोलायचं असेल, तर नाही चालत.

प्लॉटखाली मी साधारण असं लिहीन, तू तुझ्या शब्दांत कर:

"आकृती २ मध्ये सरळ रेषेच्या मॉडेलचे रेसिड्युअल फिटेड किमतींविरुद्ध दाखवले आहेत. स्पीड १० पर्यंत आणि २२ पासून वर रेसिड्युअलची सरासरी धन (+३.२ आणि +७.२ फूट) आणि मधल्या भागात ऋण (−२.३ फूट) आहे, म्हणजे संबंध किंचित वर वाकणारा आहे. ब्रेकिंगचं अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने हे अपेक्षित आहे, मात्र वर्गाचं पद ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट नाही (पी = ०.१३६). रेसिड्युअलचा पसारा कमी स्पीडच्या गटात सुमारे ८ फूट आणि जास्त स्पीडच्या गटात सुमारे १८ फूट आहे; समान पसाऱ्याच्या दोन टेस्टचे निकाल सीमारेषेवर आहेत (पी = ०.०७३ आणि ०.०३१). या कारणांमुळे अंतराचं वर्गमूळ घेऊन मॉडेल पुन्हा बसवलं. आकृती ३ मध्ये वाकण जवळपास नाहीसं झालं आहे आणि दोन गटांतला पसारा ०.८९ आणि १.०९ इतका जवळ आला आहे. नोंद २३ अजूनही वेगळी दिसते. ती चुकीची असल्याचा पुरावा नसल्याने ठेवली आहे."

यात "रँडम" हा शब्द एकदाही नाही ते बघ. दोन्ही आकृत्यांत `plot(m)` ची चारही चित्रं कोंबू नकोस, `which = 1` आणि `which = 3` शेजारी शेजारी, जुन्या मॉडेलची वर आणि नव्याची खाली, अक्षांवर एकक लिहून, नव्याच्या अक्षावर फुटाचं वर्गमूळ लिहायला विसरू नको, तिथे मुलं सवयीने फूटच लिहितात आणि मग सव्वा दोनचा रेसिड्युअल सव्वा दोन फूट समजून वाचणारा म्हणतो काय भारी मॉडेल आहे.